उतरत्या झाकणाची पेटी

रात्री साडेदहाला भाचीचे सहा फोटो आले आणि त्यांच्याखाली एक ओळ: "मावशी, पेशवेकालीन आहे म्हणतायत. घेऊ?"

फोटोत एक लिहायची पेटी होती. गादीवर मांडी घालून बसायचं, पेटी पुढ्यात ओढायची आणि तिच्या उतरत्या झाकणावर वही ठेवून लिहायचं, अशी. झाकण उचललं की आत दौत, टाक, पावत्या ठेवायची जागा. अशी पेटी मला परकी नाही. माझे वडील भवानी पेठेत एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचे आणि त्यांच्या पुढ्यात अशीच एक सागवानी पेटी असायची. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसे. लाकडाबद्दल जे काही मला कळतं त्याची सुरुवात त्या वखारीत झाली. बाकीचं पुढच्या चाळीस वर्षांत सुतारांशेजारी उभं राहून आणि जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी वस्तू उलट्यापालट्या करून कळलं.

भाचीने कोथरूडला नवा फ्लॅट घेतलाय. तिला घरात एक तरी जुनी वस्तू हवी आहे, आणि ती खरी जुनी हवी आहे. मला हे फार आवडलं. म्हणून "घे" किंवा "नको" असं न लिहिता मी तिला फोन केला आणि आम्ही दोघी आपापल्या घरी तेच सहा फोटो उघडून बसलो.

तिने तयारी केली होती. इंग्रजीतला एक तक्ता तिला कुठेतरी सापडला होता. करवतीच्या खुणा सरळ आणि वेड्यावाकड्या असतील तर लाकूड हाताने कापलेलं, म्हणजे वस्तू १८३० च्या आधीची. खुणा कमानीसारख्या गोल असतील तर गोल पात्याची करवत, म्हणजे त्यानंतरची. पेटीच्या मागच्या फळीवर बाहेरच्या बाजूने, जिथे भिंतीकडे तोंड असल्यामुळे कुणी रंधा मारलेला नव्हता, तिथे सरळ पण तिरप्या खुणा स्वच्छ दिसत होत्या. काही खुणा जास्त तिरक्या, काही कमी. "म्हणजे हाताने कापलंय ना? म्हणजे १८३० च्या आधीचं. म्हणजे जवळजवळ पेशवाई!" पेशवाई १८१८ ला संपली हे तिला पाठ होतं. बारा वर्षं इकडेतिकडे, असं तिचं गणित.

तक्ता खोटा नाही. तो ज्या देशांसाठी केलाय त्या देशांत ठीक आहे. तिकडे पाण्यावर आणि मग वाफेवर चालणाऱ्या करवती आल्या आणि हाताने ओंडका चिरायचं काम हळूहळू बंद पडलं. आपल्याकडे ते तसं बंद पडलं नाही. मी स्वतः, १९६० च्या दशकात, आमच्या वखारीत दोन माणसं सागाचा ओंडका चिरताना पाहिली आहेत. ओंडका घोडीवर चढवलेला, एक जण वर उभा, एक खाली. दोघांच्या मधे माणसाएवढी करवत. खालच्या माणसाने डोक्याला आणि तोंडाला फडकं गुंडाळलेलं असे, कारण सगळा भुसा त्याच्या अंगावर पडायचा. खडूत किंवा गेरूत बुडवलेल्या दोऱ्याने ओंडक्यावर रेघ मारलेली असे आणि वरचा माणूस त्या रेघेवर नजर ठेवून करवत चालवी. थोडा वेळ काम झालं की ते थांबत, पाणी पीत, पुन्हा उभे राहत. आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करताना करवतीचा कोन जरासा बदललेला असायचा.

मागच्या फळीवरच्या खुणांमध्ये मला तेच दिसत होतं. पंधरा-वीस रेघा एका तिरपेपणाने, मग एक ठळक ओरखडा, आणि तिथून पुढे रेघा थोड्या उभ्या झालेल्या. तो ठळक ओरखडा म्हणजे थांबून पुन्हा लावलेली करवत. तेव्हा फळी हाताने चिरलेली आहे हे नक्की. पण हाताने चिरलेली फळी पुण्यात १७९० ची असू शकते, १८९० ची असू शकते आणि १९६० चीही असू शकते. ही खूण काम कसं झालं ते सांगते. कधी झालं हे तिला आपल्याकडे फारसं सांगता येत नाही.

हेच मग कोपऱ्यांनाही लागू झालं. कोपऱ्यातल्या सांध्याचा फोटो तिने मोठा करून पाठवला होता. दोन फळ्या एकमेकींत बोटं गुंतवल्यासारख्या बसवलेल्या, एका फळीची बोटं पारव्याच्या शेपटीसारखी टोकाकडे रुंद होणारी. सुतार याला डव्हटेल म्हणतात. एकदा बसवला की एका दिशेने तो ओढून निघत नाही. या पेटीत अशा पाच शेपट्या होत्या आणि पाचही वेगवेगळ्या मापाच्या. खालची बरीच रुंद, तिच्यावरची अरुंद. शेपट्यांच्या मुळाशी फळीवर आडवी, केसाएवढी बारीक आखलेली रेघ दिसत होती आणि दोन ठिकाणी करवत त्या रेघेच्या पलीकडे दोन मिलिमीटर घुसलेली होती. मशीनने केलेल्या सांध्यात शेपट्या आणि त्यांच्यामधली जागा ठरावीक अंतराने एकसारखी येते आणि आखलेली रेघ लागतच नाही. म्हणजे सांधाही हाताचा. भाची पुन्हा खूश झाली. मला तिला पुन्हा थांबवावं लागलं. आमच्या सोसायटीत काम करणारे सुतारकाका आजही खण करायचा असेल तर असाच सांधा हाताने करतात, अशीच रेघ आखतात, आणि घाईत असले की त्यांचीही करवत रेघेपलीकडे जाते.

"मग कळणार तरी कसं?" ती म्हणाली. थोडी रागावलीच.

कळतं ते उलट बाजूने. पेटीत सर्वांत जुनं काय आहे हे शोधायचंच नाही. सर्वांत नवं काय आहे ते शोधायचं, आणि ते नवं पहिल्यापासूनचं आहे की मागाहून घातलेलं, हे ठरवायचं. पहिल्यापासूनचं असेल तर अख्खी पेटी त्याच्याआधीची असूच शकत नाही. यात लाकडाचा फारसा उपयोग होत नाही, कारण पुण्यात जुन्या लाकडाला तोटा नाही. पेठांमधले वाडे गेली कित्येक वर्षं पडताहेत. त्यांच्या तुळया, खांब, कडीपाट वखारींत येतात आणि त्या दीडशे वर्षांच्या सागवानातून गेल्या महिन्यात केलेलं टेबल बाहेर पडतं. लाकूड जुनं असतं, टेबल नसतं. अशा वस्तूत कुठेतरी कारण नसलेली खाच दिसते, डगळी भरून बुजवलेली, किंवा टेबलाच्या मधोमध जुन्या खिळ्याचं भोक आणि त्याभोवती गंजाचा काळा डाग. या पेटीत तसं काही दिसत नव्हतं. भोकं होती ती सगळी जिथे असायला हवीत तिथेच होती.

लोखंड आणि पितळ मात्र जास्त बोलतं, म्हणून आम्ही बिजागऱ्यांच्या फोटोकडे वळलो.

झाकणाला दोन पितळी बिजागऱ्या होत्या, प्रत्येक पानाला तीन लोखंडी स्क्रू. भाचीने पाहिलं ते एवढंच, की स्क्रूच्या डोक्यावर एक सरळ खाच आहे, फुली नाही. फुलीची खाच असलेले स्क्रू हे १९३० च्या दशकातलं अमेरिकेतलं काम, तेव्हा ते नाहीत हे बरंच. पण सरळ खाचही शंभर वर्षांत बदलली. जुन्या, हाताने केलेल्या स्क्रूची खाच कानशीने किंवा करवतीने पाडलेली असे. ती डोक्याच्या अगदी मधून क्वचितच जाते आणि डोकंही नीट गोल नसतं. इथे सहाच्या सहा दिसणाऱ्या डोक्यांवर खाच मधोमध होती आणि सगळी डोकी एका मापाची. हे मशीनचं काम. टोक मात्र फोटोत दिसणं शक्य नव्हतं, आणि मला टोकच हवं होतं.

टोक का, ते सांगते. हाताने केलेला जुना स्क्रू टोकाला बोथट असतो, छाटल्यासारखा. तो बसवायला आधी गिरमिटाने पूर्ण खोलीचं भोक पाडावं लागे. टोकदार स्क्रू, म्हणजे जो स्वतःच लाकडात शिरतो तो, मशीनवर भराभर करण्याची युक्ती १८४० च्या दशकात अमेरिकेत निघाली. १८४६ मध्ये थॉमस स्लोन नावाच्या माणसाने तिचं पेटंट घेतलं. १८५४ मध्ये बर्मिंगहॅमजवळ नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी ते हक्क विकत घेऊन मोठा कारखाना काढला आणि तिथून टोकदार स्क्रू जगभर गेले. तेव्हा बिजागरीचा स्क्रू टोकदार निघाला, आणि ती बिजागरी पहिल्यापासूनची असली, तर पेटी १८५० च्या आधीची असण्याचा प्रश्नच मिटतो. इथे मधे एक काळजी घ्यावी लागते. स्क्रू 'याच्या आधीची नाही' एवढंच सांगतो. दुकानात पेटीभर स्क्रू पडून राहतात आणि तीस वर्षांनीही वापरले जातात, त्यामुळे 'याच सालची' असं तो कधीच सांगत नाही.

बिजागरी पहिल्यापासूनची आहे का, हे मात्र फोटोवरून बरंचसं ठरवता आलं. बिजागरी बदलली असती तर जुन्या बिजागरीची सावली राहिली असती: नव्या पानाच्या कडेबाहेर थोडी खोल खाच, किंवा बुजवलेली जुनी भोकं, किंवा लाकडाचा फिका तुकडा, जिथे इतकी वर्षं हवा आणि तेलकट हात पोचले नव्हते. या पेटीत खाच आणि पान यांत कागद शिरेल एवढीही फट नव्हती. पानाच्या कडेला पॉलिशचा आणि मळाचा एक काळपट थर साचला होता, तो लाकडावरून सलग पितळेवर गेलेला. बिजागरी अलीकडे कुणी काढून लावली असती तर तो थर तिथे तुटलेला दिसला असता.

मग कुलूप. त्याच्या पितळी पट्टीवर काहीतरी ठोकलेलं होतं आणि फोटोत ते अर्धवट दिसत होतं. भाचीने फोटो ताणून ताणून 'मेड इन' एवढं वाचलं. पुढचं फ्लॅशच्या पांढऱ्या ठिपक्याखाली गेलेलं.

इथे मी तिला सांगितलं की आता थांबूया आणि दुकानदाराकडून आणखी चार फोटो मागवूया. फोटोवरून वय ठरवताना माणसं चुकतात ती बहुतेक वेळा फोटोमुळेच. फ्लॅश समोरून मारला की करवतीच्या आणि रंध्याच्या खुणा पार पुसल्या जातात, कारण त्या दिसतात त्यांच्या सावलीमुळे. म्हणून फ्लॅश बंद करायचा, दुसऱ्या फोनचा टॉर्च फळीला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा आणि मग फोटो काढायचा. त्या प्रकाशात हाताने मारलेल्या रंध्याचे लांब, उथळ, कमीजास्त रुंदीचे पट्टे दिसतात आणि मशीनच्या रंध्याच्या एकसारख्या अंतरावरच्या बारीक आडव्या लाटा दिसतात. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवायचं, म्हणजे माप कळतं. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवायचा नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर तो लहान होऊन येतो आणि नेमका बारकावाच जातो. भाचीने हे सगळं दुकानदाराला कळवलं. त्यानेही, हे मुद्दाम सांगायला हवं, दुसऱ्या दिवशी दुपारी न कुरकुरता चार फोटो पाठवले.

त्यातला तळाचा फोटो पाहून भाचीचा धीर सुटला. तळाची फळी बाहेरून कोरी होती आणि तिच्यावर सरळ, समांतर, एका मापाच्या बारीक खुणा होत्या. पट्ट्याच्या करवतीच्या, आपण बँडसॉ म्हणतो तिच्या. ती फळी ठोकलेली होती गोल डोक्याच्या, गोल दांड्याच्या साध्या तारेच्या खिळ्यांनी. तारेचे खिळे सर्रास झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. जुने, लोहाराने ठोकून केलेले खिळे दांड्याला चौकोनी असतात आणि डोक्यावर हातोड्याच्या पैलूंच्या खुणा राहतात. "म्हणजे पेटी नवीच आहे," ती म्हणाली. "फसवतायत."

पण मला त्या फोटोंत आणखी एक गोष्ट दिसत होती. आतल्या बाजूच्या फोटोत, चारही फळ्यांवर, तळापासून साधारण तीन बोटं उंचीवर एक तपकिरी रेघ होती. वरची कड जरा गडद आणि खाली लाकूड किंचित राखाडी. चारही बाजूंना एकाच पातळीवर. ओल वरून ठिबकली असती तर ओघळ उभे आले असते. सपाट रेघ येते ती साचलेल्या पाण्याची. म्हणजे पेटी कधीतरी पाण्यात उभी होती आणि पाणी तिच्या फटींतून आत शिरून काही काळ तसंच राहिलं होतं. आणि तळाच्या फळीची आतली बाजू? ती स्वच्छ, एकसारखी, ओलीचा मागमूस नाही. पाण्याने बाजूच्या फळ्या भिजल्या आणि मधला तळ कोरडा राहिला असं होत नाही. तेव्हा हा तळ पाण्यानंतर बसवलेला. जुना तळ फुगला, उकलला किंवा कुजला असेल आणि कुणीतरी शहाणपणाने नवा ठोकून घेतला. तारेच्या खिळ्यांनी तळाचं वय सांगितलं, पेटीचं नाही.

रंगानेही हेच सांगितलं. फोटोतल्या रंगावर माझा एरवी विश्वास नाही. पिवळ्या बल्बखाली कालचं सागवान शंभर वर्षांचं दिसतं, आणि फोन स्वतःहून रंग बदलतो ते वेगळंच. पण एकाच फोटोतली दोन लाकडं शेजारी ठेवून बघता येतात, कारण दोघांवर प्रकाश तोच असतो. बाजूच्या फळ्या आतून, जिथे कधी पॉलिश लागलं नव्हतं, कोरड्या आल्याच्या रंगाच्या झालेल्या. तळ त्याच फोटोत मधासारखा पिवळा. हवा लागून सागवान जसजसं काळवंडत जातं त्यातली काही दशकं तळाला अजून मिळायची होती.

पाण्याची रेघ म्हटल्यावर पुण्याच्या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द येणार नाही. "पानशेत!" भाची म्हणाली, आणि ती १९६१ नंतर तीस वर्षांनी जन्मलेली आहे. पेटी नारायण पेठेतल्या वाड्यातून आली असं दुकानदार सांगत होता, त्यामुळे गोष्ट जुळतही होती. बारा जुलैला धरण फुटलं तेव्हा माझ्या आईच्या मावशीचं घर नदीकडच्या बाजूला होतं आणि तिच्या कपाटावरची पाण्याची रेघ मी लहानपणी पाहिलेली आहे. ती माझ्या डोक्याच्या वर होती. नेमकं म्हणूनच मला पानशेत म्हणवेना. त्या पुराचं पाणी घरात शिरलं असतं तर ही एवढीशी पेटी तरंगत गेली असती किंवा पुरी बुडाली असती, तीन बोटांची व्यवस्थित रेघ काढून थांबली नसती. पुराच्या अगदी कडेच्या घरात तेवढंच पाणी चढलं असेल, असंही होऊ शकतं. पण तेवढं पाणी मोरी तुंबली तरी येतं. रेघ पाणी सांगते, त्याचं नाव सांगत नाही. भाचीला ते आवडलं नाही, आणि मला तिचं वाईटही वाटलं.

वापराच्या खुणांपाशी मात्र आम्ही बराच वेळ रेंगाळलो, कारण तिथे मला माझ्या वडिलांचा हात दिसत होता. वडील लिहायला बसले की त्यांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत झाकणाच्या उजव्या कडेवर टेकलेला असे. वही मधे, थोडी डावीकडे. झाकण उघडायचं तर डाव्या हाताने वही उचलायची आणि उजव्या हाताच्या चार बोटांनी झाकणाची खालची कड मधोमध पकडून वर करायची. दिवसातून पन्नास वेळा. त्यांच्या पेटीची उजवी कड गुळगुळीत गोल झाली होती आणि डावी कड होती तशी धारदार. खालच्या कडेला मधोमध वीतभर लांबीचा उथळ खोलगटपणा आला होता. केळकर संग्रहालयात जुने दरवाजे बघतानाही मी हेच शोधते, की कडीपाशी हात कुठे लागत असेल, आणि लाकूड तिथे कसं काळं तुकतुकीत झालंय.

या पेटीच्या झाकणावर आडव्या प्रकाशात तसंच दिसलं. उजवी कड गोल, डावी कमी. खालची कड मधे झिजलेली, दोन्ही टोकांना कोपरे शाबूत. शाईचे डाग उजव्या वरच्या कोपऱ्याजवळ, जिथे दौत ठेवतात तिथे. डाग लाकडाच्या रेषांमधून पसरलेले आणि त्यांच्यावर पॉलिश. बनावट जुनेपणा करणारा माणूस चारही कडांवर सारखाच पॉलिशपेपर फिरवतो, साखळीने ठोके देतो, आणि गडद रंग ओततो. तो रंग प्रत्येक ओरखड्यात सारखाच साचतो, अगदी जिथे कुणाचा हात कधी पोचणार नाही अशा आतल्या कोपऱ्यातसुद्धा. झीज खरी असेल तर ती कुणाच्या तरी सवयीची असते. डावखुऱ्या माणसाची पेटी डावीकडे झिजेल.

झाकणाने आणखी थोडं सांगितलं. मधली फळी आडवी, आणि तिने वाकू नये म्हणून दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्या बसवलेल्या. लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे वर्षांमागून वर्षं मधली फळी किंचित अरुंद होते आणि टोकाच्या पट्ट्या तिच्या पुढे डोकावू लागतात. इथे त्या मिलिमीटरभर पुढे आल्या होत्या. नखाने जाणवेल एवढ्याच. सागवान मुळात कमी हलतं, त्यामुळे एवढं पुरे. पण मी यावर फार भर दिला नाही. नीट न वाळलेल्या लाकडाचं झाकण पावसाळ्यात केलं तर पहिल्याच एप्रिलमध्ये ते एवढं आकसून दाखवतं.

रविवारी आम्ही दोघी गोदामात गेलो. दुकानदार बोलायला चांगला माणूस. "वाड्यातून आली म्हणजे पेशवेकालीनच की हो, काकू," असं तो अगदी मनापासून म्हणाला. पेठेतले किती वाडे पेशवाईनंतर पन्नास-शंभर वर्षांनी बांधलेले आहेत आणि त्यांत राहणाऱ्यांनी सामान कधी कधी घेतलं असेल, हे मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग मी विचारलं, एक स्क्रू काढून बघू का? तो क्षणभर थांबला आणि स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

डाव्या बिजागरीचा मधला स्क्रू त्याने काढला. पहिल्यांदा हलेना, मग एक करकर आवाज करून सुटला. आटे गंजून काळे, त्यांत लाकडाचा भुगा अडकलेला, आणि टोक टोकदार. भोकाच्या तोंडाभोवती गंजाचा काळा डाग लाकडात मुरलेला. दुसरं भोक शेजारी नाही, बुजवलेलं काही नाही. हाच स्क्रू इथे पहिल्यापासून होता. मी तो भाचीच्या तळहातावर ठेवला.

कुलपावरचा ठसा टॉर्च तिरका धरल्यावर वाचता आला: 'मेड इन इंग्लंड'. वस्तूवर देशाचं नाव घालायची रीत पडली ती १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर. तो कायदा परदेशी माल ब्रिटिश म्हणून खपवला जाऊ नये यासाठी होता, आणि मग हळूहळू सगळेच आपापल्या देशाचं नाव ठोकू लागले. कुलपाच्या खाचेतही बदलल्याची खूण नव्हती, किल्लीच्या भोकाभोवतीची झीज एकाच भोकाची होती. तेव्हा माझा अंदाज असा: पेटी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटची, किंवा विसाव्याच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतली. लाकूड हाताने चिरलेलं, सांधे हाताचे, कुलूप विलायतेहून आलेलं, बिजागऱ्या आणि स्क्रू मशीनचे. तळ बराच नंतरचा. याहून जवळ मला जाता येत नाही, आणि तिला पेशवाईत तर अजिबात ढकलता येत नाही.

दुकानदाराने किंमत कमी केली, फार नाही. भाची विचारात पडली होती. मी तेवढ्यात पेटी आडवी करून टॉर्च आत धरला, कारण एक गोष्ट फोटोंत बघायची राहून गेली होती. चारही कोपऱ्यांत, तळालगत, दोन्ही फळ्यांवर पटाशीने मारलेल्या लहान खुणा होत्या. पहिल्या कोपऱ्यात दोन्हीकडे एकेक चीर, दुसऱ्यात दोन-दोन, तिसऱ्यात तीन-तीन, चौथ्यात चार-चार. हाताने केलेला प्रत्येक सांधा फक्त आपल्याच जोडीदाराला बसतो, म्हणून सुतार जोडण्याआधी अशा खुणा करून ठेवतो, चारही फळ्या जमिनीवर पसरलेल्या असताना गोंधळ नको म्हणून. या चारही फळ्या पहिल्या दिवसापासून एकत्र होत्या.

तिसऱ्या कोपऱ्यात एका फळीवर आधी चुकून दोनच चिरा मारलेल्या होत्या आणि तिसरी मागाहून, जराशी तिरकी. भाचीने तिच्यावरून नख फिरवलं आणि पर्स उघडली.